बोटवाल्या बाबांची दोन पोरं: ताबा आणि पोटगीचा अर्ज कसा बांधायचा

आमच्याकडे कोकणात ताबा-पोटगीचं विचारायला कोणी आलं की सुरुवात हमखास नवरा काय वागला, सासू काय बोलली, गणपतीत कोणी कोणाला आत घेतलं नाही इथून होते. ते सगळं ऐकून घ्यावंच लागतं, माणूस त्याशिवाय मोकळा होत नाही, पण अर्ज लिहायला बसलं की त्यातलं निम्म्याहून जास्त बाजूला ठेवावं लागतं. कारण ताब्याच्या केसमध्ये जज नवराबायकोत चूक कोणाची हे शोधत नसतो, तो बघत असतो की हे पोर कुठे राहिलं तर त्याचं भलं होईल. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे, त्याचं कलम १३ सरळ सांगतं की मुलाचं कल्याण हाच सर्वात वरचा मुद्दा. आणि सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्येच रोझी जेकबच्या केसमध्ये सांगून ठेवलंय की मुलं म्हणजे आईबापाची मालमत्ता नाही आणि खेळणंही नाही.

हे सगळ्यांना पाठ असतं, प्रश्न असतो की हे अर्जात उतरवायचं कसं. त्यासाठी एक बनवलेलं उदाहरण घेऊ, पण त्यातला प्रत्येक तुकडा इथे रोज दिसतो.

नवरा दापोली तालुक्यातल्या हर्णैचा. भावाबरोबर भागीत मासेमारीची बोट, शिवाय घरची आंब्याची कलमं, सातबाऱ्यावर तीन भावांची नावं. बायको आठ महिन्यांपासून माहेरी, गुहागर तालुक्यात, शिवणकाम करते. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत, ती हर्णैलाच वडिलांच्या आईकडे राहिली. मुलगा चार वर्षांचा, दम्याचा त्रास, तो आईबरोबर आला. बाबांचं म्हणणं, कायद्याने पालक मी, दोन्ही पोरं माझी. आईचं म्हणणं, दोन्ही पोरं मला द्या आणि महिन्याला १५ हजार द्या. घटस्फोटाचा दावा अजून कोणीच लावलेला नाही.

आधी दोन गैरसमज काढा

पहिला बाबांचा. १९५६ च्या त्याच पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि त्यानंतर आई असं लिहिलंय हे खरं, पण १९९९ च्या गीता हरिहरन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 'त्यानंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, बाप प्रत्यक्ष सांभाळत नसेल तरी आई पालक असू शकते. आणि मुख्य म्हणजे पालक असणं आणि पोर जवळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कागदावर पालक बाप आणि ताबा आईकडे असं सर्रास होतं. त्याच कलम ६ मध्ये पुढे लिहिलंय की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे. २०१५ मध्ये रोक्सान शर्मा केस झाली, ती आपल्या शेजारच्या गोव्यातूनच वर गेलेली, त्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की एवढ्या लहान पोराच्या बाबतीत आई योग्य नाही हे दाखवायची जबाबदारी बापावर. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या चार वर्षांच्या मुलासाठी आईला फार झगडावं लागणार नाही. तरी 'साधारणपणे' हा शब्द विसरू नका, आणि मुलगा पाचाचा झाला की हा आधार संपतो, मग पुन्हा कल्याणाचाच हिशोब.

दुसरा गैरसमज आईचा. आई आहे म्हणून मुलगी आपोआप मिळेल असं नाही. नऊ वर्षांची मुलगी आठ महिने एका घरात रुळलेली आहे, शाळा तीच, मैत्रिणी त्याच, आजी जीव लावते. तिला तिथून हलवायचं तर हलवण्याने तिचं काय बरं होणार हे दाखवावं लागेल, आणि हीच केसची खरी मेहनत आहे.

कुठे काय लावायचं

पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. जुन्या लोकांच्या तोंडात अजून 'एकशे पंचवीस'च आहे, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी हे आलं. हा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे म्हणजे तालुक्याच्या कोर्टात, जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्या न्यायालयात. बायको जिथे राहते तिथे लावता येतो, त्यामुळे आईला पोटगीसाठी दापोलीला खेटे घालायची गरज नाही. मुलांचं नाव अर्जदार म्हणून वेगळं लिहा, आई त्यांच्यातर्फे सही करते, कारण उद्या आईची पोटगी काही कारणाने नाकारली गेली तरी मुलांची त्याबरोबर बुडत नाही.

ताब्यासाठी १८९० चा पालक व पाल्य कायदा. नवराबायकोत घटस्फोट किंवा नांदायला येण्याचा दावा चालू असेल तर त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताब्याचा अर्ज टाकता येतो, आपल्या केसमध्ये तसा दावा नाही म्हणून १८९० चा. इथे कोर्ट ठरतं मूल सर्वसाधारणपणे कुठे राहतं त्यावरून. दोन्ही तालुके रत्नागिरी जिल्ह्यातच आहेत म्हणून निभावतं, पण बाबा मुलीला घेऊन मुंबईला चाकरमानी भावाकडे गेले असते तर यावरच सहा महिने वाद चालला असता. म्हणून शाळेचा दाखला, अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड, पोर कुठे राहतं हे दाखवणारे कागद पहिल्याच दिवशी जोडा.

मारहाण किंवा छळ झाला असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात कलम २१ खाली तात्पुरता ताबा आणि कलम २० खाली पैसे दोन्ही एकाच अर्जात मागता येतात. पण ते खरंच घडलं असेल तरच. ताबा लवकर मिळावा म्हणून जोडलेली खोटी मारहाण उलटतपासणीत उघडी पडली की खरं बोललेलंही कोणी मानत नाही.

वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायका आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, फोन १५१०० ला लावा. मुस्लिम कुटुंबांनाही कलम १४४ आणि १८९० चा कायदा लागतो, फक्त वर म्हटलेलं कलम ६ आणि हिंदू विवाह कायदा लागत नाही. सावंतवाडी-बांद्याकडच्या लोकांची सोयरीक गोव्यात असते, तिकडचा विवाहाचा कायदा वेगळा आहे, त्यांनी तिथल्या वकिलाला विचारूनच पुढे जावं.

मुलीचा दिवस कागदावर मांडा

आता मुलीचं. आईला मी सांगेन की नवऱ्याबद्दल एक अक्षर न लिहिता मुलीचा सोमवार लिहून काढ. सकाळी कोण उठवतं, वेणी कोण घालतं, डबा कोण करतं, शाळेत कोण सोडतं, वहीवर सही कोणाची, ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं, रात्री कोणाशेजारी झोपते. आधी वेगळं राहण्यापूर्वीचा सोमवार आणि मग आत्ताचा. जुन्या सोमवारात आई जिथे जिथे येते तिथे एक कागद शोध. प्रगतीपुस्तकावरच्या सह्या, दवाखान्याच्या कागदावर बरोबर आलेल्याचं नाव, पालकसभेचं रजिस्टर, शिक्षिकेशी झालेलं व्हॉट्सअॅपवरचं बोलणं. हे असं साधं साधं बघूनच जजला कळतं की हे पोर कोणाच्या हाताखाली वाढलं.

आत्ताच्या सोमवारात एक गोष्ट उघड होते जी बाबांच्या अर्जात कधीच नसते. बोट समुद्रात गेली की आठ-आठ दहा-दहा दिवस बाबा घरीच नसतात, आणि ऑगस्टपासून मे अखेरपर्यंत हंगाम. म्हणजे तुलना आई विरुद्ध बाबा अशी नाहीच, ती आई विरुद्ध आजी अशी आहे. आजी वाईट आहे असं लिहू नका, एकतर ते खोटं असतं आणि मुलगी जजसमोर आजीबद्दल प्रेमानेच बोलणार. एवढंच लिहा की आजी बहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, मुलीचा अभ्यास घेऊ शकत नाही, आणि मुलगी आता वयात येईल तेव्हा तिला आई लागेल. त्यात भाऊ-बहीण वेगळे वाढतायत, आणि खास कारण नसेल तर कोर्टं भावंडांना एकत्र ठेवायचा प्रयत्न करतात, हा मुद्दा ठळक मांडा.

बाबांच्या बाजूनेही तगडा मुद्दा आहे आणि तो आधीच ओळखून ठेवायला हवा: रुळलेलं पोर हलवू नका. याला उत्तर शाळेत मिळतं. मुलगी ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे ती चौथीपर्यंतच आहे असं धरू. म्हणजे पाचवीला शाळा बदलणारच, हर्णैत राहिली तरी. मग आईने मागावं ते असं, की वार्षिक परीक्षा होईपर्यंत मुलगी आहे तिथेच राहू दे, मे महिन्याच्या सुट्टीत माझ्याकडे येईल आणि जूनमध्ये माझ्याकडच्या हायस्कूलला पाचवीत बसेल. अशी मागणी केली की जजला दिसतं ही बाई पोराचा विचार करतेय, आणि 'आजच्या आज पोरगी ताब्यात द्या' म्हणणाऱ्या अर्जापेक्षा असल्या अर्जाकडे कोर्टाचा ओढा जास्त असतो. मुलगी चौथीऐवजी सहावीत असती आणि हर्णैच्या हायस्कूलात छान चाललेली असती तर मात्र मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो, तेव्हा कदाचित ताबा तिथेच आणि आईला सुट्ट्या जास्त असा निकाल लागू शकतो.

आईच्या घरची बाजूही तशीच लिहायची. हायस्कूलचं नाव, घरापासून अंतर, सकाळची एसटी किती वाजता आणि ती पावसात येते का, घरात खोल्या किती, मुलगी कुठे झोपणार, अभ्यासाला टेबल आहे का, आई कामाला गेली तर घरी कोण. घर लहान असणं हा गुन्हा नाही आणि पैसा कमी म्हणून ताबा जात नाही, पैशाची तूट भरून काढायलाच पोटगी असते. पण 'बघू काहीतरी' असं उत्तर कोर्टात चालत नाही. कोर्ट समुपदेशकाला किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याला घरी पाठवून अहवाल मागवू शकतं, तेव्हा लिहिलेलं आणि दिसलेलं जुळलं पाहिजे.

जज मुलीशी एकटीशी बोलतात तेव्हा

१८९० च्या कायद्याचं कलम १७ म्हणतं की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याएवढं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. घेऊ शकतं, बांधील नाही. नऊ वर्षं हे मधलं वय. बहुतेक जज मुलाला चेंबरमध्ये एकटं बोलावतात, वकील नाही आई नाही बाप नाही, आणि आधी शाळेचं, मैत्रिणींचं, जेवायला काय आवडतं असलं विचारतात.

समजा मुलगी म्हणाली मला आजीकडे राहायचंय. आई तिथेच रडायला लागते की संपलं सगळं. नाही संपत. जज विचारणार का राहायचंय. 'आजी रात्री गोष्ट सांगते, आणि आईकडे गेले तर माझी शाळा जाईल' असं उत्तर आलं तर ती खरी पसंती आहे, तिचं वजन आहे, पण त्यातली शाळेची भीती दूर करता येते. 'बाबांनी टॅब घेऊन दिलाय' आलं तर जजला समजतं. आणि 'मम्मी आमची आर्थिक जबाबदारी टाळते' असलं वाक्य नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून आलं तर ते कोणी पढवलंय हे कळायला कायद्याची डिग्री लागत नाही, पढवणाऱ्यालाच ते महागात जातं. म्हणून आदल्या रात्री पोराला काहीही शिकवू नका. 'तिकडे जज काका किंवा ताई असतील, ते विचारतील ते खरं सांग, तू काहीही सांगितलंस तरी आम्ही रागावणार नाही,' एवढंच सांगा, आणि खरंच रागावू नका.

भेटीचं वेळापत्रक बोटीप्रमाणे

इथे बहुतेक अर्ज झोपतात. छापील नमुन्यातून उचललेलं असतं की दर दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी बाप मुलांना भेटेल. आता बोटवाल्या माणसाला दुसऱ्या रविवारी समुद्रात असताना काय सांगणार? तो येत नाही, मग आई म्हणते बघा याला पोरांची पडलेली नाही, आणि बाप म्हणतो मला भेटू देत नाही, दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. मुलांना बापही हवा, त्यामुळे आईनेच नीट वेळापत्रक देणं तिच्या केसलाही बरं पडतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. म्हणजे बाबांचा मोकळा काळ तोच, आणि मे महिना, जो सगळीकडे बापाला सुट्टी म्हणून दिला जातो, तो इथे मासे आणि आंबा दोन्हीच्या ऐन घाईचा. त्यामुळे मी असं लिहीन: हंगामात बोट किनाऱ्याला असेल तेव्हा महिन्यातून किमान दोनदा शनिवार सकाळी ११ ते रविवार संध्याकाळी ५, बाबांनी दोन दिवस आधी मेसेज करायचा. जून-जुलैत दर शनिवार-रविवार. मे महिन्यात एक आठवडा, आजीला पोरं भेटावीत म्हणून, बाबा असोत नसोत. गणपतीचे पहिले दोन दिवस एका वर्षी हर्णैला, पुढच्या वर्षी आईकडे, ज्या वर्षी गणपती आईकडे त्या वर्षी शिमग्याची पालखी हर्णैला. मंगळवार आणि गुरुवार साडेसातला व्हिडिओ कॉल, बाबा किनाऱ्यावर असतील तेव्हा, समुद्रात रेंज नसेल तर तो कॉल चुकला म्हणून कोणी भांडायचं नाही.

देवाण-घेवाणीची जागा लिहिलीच पाहिजे. हर्णैहून गुहागरकडे यायचं तर दाभोळहून फेरीने खाडी ओलांडून धोपाव्याला उतरायचं, नाहीतर रस्त्याने मोठा वळसा. तर ऑर्डरमध्ये लिहून घ्या की घ्यायला येणारे बाबा धोपाव्याच्या जेटीवरून पोरांना घेतील आणि परत आणायला आई दाभोळला येईल, फेरी बंद असेल तर भेट पुढच्या शनिवारी. या एका वाक्याने निम्मी भांडणं वाचतात. धाकट्यासाठी पहिले तीन महिने फक्त दिवसाची भेट, रात्र नाही, इन्हेलर आणि डॉक्टरने लिहून दिलेली मात्रा त्याच्या पिशवीत, मग सगळं नीट चाललं तर रात्रीचा मुक्काम. चार वर्षांचं पोर एकदम दोन दिवस बिनआईचं ठेवलं आणि रात्री धाप लागली तर पुढची सगळी घडीच विस्कटते.

आणि एक लक्षात ठेवा, पोटगी थकली म्हणून भेट बंद करायची नाही, भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवायची नाही. दोन्ही वेगळे हक्क आहेत आणि दोन्ही मुलाचे आहेत.

बाबांचं उत्पन्न महिन्याला आठ हजार?

आता पैसे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा केसमध्ये ठरवून दिलं की दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं, ठरलेल्या नमुन्यात. बाबा लिहितात, मी बोटीवर खलाशी, महिना ८,०००. आई लिहिते, माझं उत्पन्न शून्य. दोन्ही चुकीचं. आईच्या हाताखाली मशीन आहे आणि गावात सगळ्यांना माहीत आहे की लग्नसराईत ती रात्री जागून ब्लाऊज शिवते, तिने सरळ वर्षाचा हिशोब काढून सरासरी ५,५०० लिहावं. शून्य लिहून एकदा खोटी ठरली की मुलीच्या सोमवाराबद्दल जे खरं लिहिलं त्यावरही संशय येतो.

बाबांचं खरं उत्पन्न काढायला रोखीचा धंदा अडचणीचा आहे, पण कागद अगदीच नसतात असं नाही. बोटीची नोंदणी मत्स्यव्यवसाय खात्याकडे असते, त्यावर मालक म्हणून नाव दिसतं, म्हणजे 'खलाशी' गेला. मच्छीमार सोसायटीकडून डिझेलचा परतावा मिळतो, त्याची नोंद सोसायटीत आणि बँकेत असते, किती लिटर उचललं त्यावरून बोट किती फिरली याचा अंदाज येतो. लिलावात माल घेणाऱ्या व्यापाऱ्याची बिलं, बर्फाची बिलं. आंब्यासाठी सातबारा आणि आठ-अ, आणि पेट्या पाठवल्या असतील तर मुंबई मार्केटच्या पट्ट्या. हे आईकडे नसणारच, म्हणून कोर्टाला अर्ज द्यायचा की सोसायटी आणि बँकेकडून रेकॉर्ड मागवा. नुसतं 'त्यांचं भरपूर आहे' म्हणून भागत नाही, कोणता कागद कोणाकडे आहे ते नेमकं लिहा.

समजा असं निघालं. दहा महिन्यांत बोटीच्या मालाची विक्री ९ लाख. डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचा पगार मिळून खर्च ६ लाख. उरले ३ लाख, त्यात भावाची अर्धी भागी, बाबांना दीड लाख. आंब्याचा त्यांच्या वाट्याचा निव्वळ ६०,०००. मिळून २,१०,०००, आणि याला बाराने भागायचं, दहाने नाही, कारण बंदीतही माणूस जेवतो. महिना १७,५००. इथेच आईकडचे लोक चुकतात, हंगामातला एखादा भरघोस महिना दाखवून म्हणतात बघा लाखाची विक्री, आणि समोरचा वकील खर्चाची बिलं टाकून तो आकडा हवेत उडवतो.

कागद कमी मिळाले तरी बाबांचं शपथपत्र त्यांच्याच बँकेच्या स्टेटमेंटशी जोडून बघा. बोटीच्या कर्जाचा त्यांच्या वाट्याचा हप्ता ४,५०० आणि मोटरसायकलचा २,८००, झाले ७,३००. आठ हजार कमावणारा माणूस सातशे रुपयांत महिना काढतो हे कोणी मानणार नाही, आणि कोर्ट अशा वेळी राहणीमानावरून उत्पन्नाचा अंदाज बांधू शकतं.

दुसरीकडे मुलांचा खर्च. मुलगी आईकडे आल्यावरचा: जेवणखाण २,५००, शाळेचं जाणंयेणं ७००, शिकवणी ५००, वह्या-गणवेश वर्षाचे ६,००० म्हणून महिन्याला ५००, औषध ४००, कपडे ४००, घराच्या वीज-गॅसमधला वाटा ८००, मिळून ५,८००. मुलाचा: जेवणखाण २,२००, दूध आणि दम्याची औषधं ७००, कपडे ३००, घराचा वाटा ८००, मिळून ४,०००. दोघांचे ९,८००.

आता वाटणी. नवऱ्याच्या पगाराच्या पंचवीस टक्के असा नियम आहे असं लोक सांगतात, तसा नियम नाहीये, २०१७ च्या एका निकालात ते प्रमाण योग्य वाटलं म्हणून तो आकडा सगळीकडे पसरला. रजनेश निकालात असं आहे की मुलांचा खर्च साधारणपणे बापाने करायचा, पण आई पुरेसं कमावत असेल तर दोघांनी कमाईच्या प्रमाणात उचलायचा. साडेपाच हजारांना पुरेसं म्हणता येणार नाही, त्यामुळे आईचा वकील ९,८०० पूर्ण मागू शकतो. पण तडजोडीला बसताना प्रमाणाचा आकडा हाताशी असू द्या: १७,५०० आणि ५,५००, म्हणजे बाबांचा वाटा साधारण ७६ टक्के, ९,८०० मधले सुमारे ७,४५०. म्हणजे मुलांसाठी साडेसात हजारांच्या खाली सही करायची नाही आणि आईची स्वतःची पोटगी त्याहून वेगळी, हे तिच्या डोक्यात पक्कं राहतं. मुलगी हर्णैला आहे तोवर मात्र फक्त मुलाचा खर्च मागता येईल, तिच्या नावाचे पैसे आत्ताच मागितले की बाबांचा वकील म्हणणार हिला पोरगी पैशासाठी हवी. महिन्याला १५,००० हा आकडा कुठून आला हे विचारल्यावर आईला सांगता येत नव्हतं, आता प्रत्येक रुपयाचं उत्तर आहे.

अंतरिम पोटगीचा अर्ज त्याच दिवशी जोडा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात लांबतं, पण रजनेश निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, त्यामुळे लांबलं तरी ते महिने जमा होत जातात. अर्ज उशिरा लावला तर मात्र मागचे महिने गेलेच म्हणून समजा, 'आधी बैठकीत मिटतंय का बघू' म्हणून वर्षभर थांबणाऱ्या बायकांचं नुकसान इथे होतं.

बैठकीवरून आठवलं. गावकीने बसवून बॉण्डपेपरवर लिहून घेतात की मुलगा आईकडे, मुलगी बापाकडे, आणि आई पोटगी मागणार नाही. असा कागद कोर्टाला बांधत नाही. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क, आईला तो सोडून देता येत नाही, आणि ताब्याचं ठरलेलंही कोर्ट मुलाच्या भल्याच्या कसोटीवर पुन्हा तपासतं. तडजोड करायला हरकत नाही, उलट चांगलंच, पण ती कोर्टात मध्यस्थी केंद्रामार्फत करून ऑर्डरमध्ये उतरवा.

ऑर्डर हातात आल्यावर

पैसे बँकेतच घ्या, रोख नको, आजीच्या हातून पाठवलेले तर नकोच, मग दिले-नाही दिले यावर पुन्हा साक्षी काढाव्या लागतात. एका वहीत महिना, देय रक्कम, आलेली रक्कम, तारीख एवढं लिहीत जा. थकलं तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत लावावा लागतो, ही मुदत फार जणी चुकवतात, मग तो जुना महिना या मार्गाने वसूल होत नाही. कोर्ट वॉरंट काढून मालमत्तेतून वसुली करू शकतं आणि तरी दिलं नाही तर महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं, आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. वॉरंट बजावायला पोलीस हर्णैला गेले आणि माणूस समुद्रात, असं होतंच, म्हणून जून-जुलैत बजावणी व्हावी असा आग्रह धरा.

बाबांची परिस्थिती खरंच बिघडली तर त्यांनाही मार्ग आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १४६ खाली रक्कम कमी करून मागता येते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडच्या बागा आडव्या झाल्या होत्या, असल्या वेळी पंचनाम्याची प्रत लावून अर्ज करायचा, परस्पर पैसे बंद करायचे नाहीत. आईलाही तेच कलम वापरून वाढवून मागता येतं, मुलगी आठवीत गेली की खर्च पाचवीचा राहत नाही. ताब्याची ऑर्डरही कायमची नसते, परिस्थिती बदलली की कोणीही पुन्हा कोर्टात जाऊ शकतं, फक्त नुसता राग आला हे कारण पुरत नाही.

कलम १४४ खाली मुलांची पोटगी साधारणपणे अठरा वर्षांपर्यंत. मुलगी अठराची झाली, लग्न झालेलं नाही आणि स्वतःचा खर्च भागत नाही, तर १९५६ च्याच दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली ती पुढेही मागू शकते, मात्र ते वेगळं प्रकरण असतं आणि ते तिने स्वतःच्या नावाने लावायचं असतं.